कोणती पायरी अडली ते न सांगता आलेली सिद्धता कशी तपासायची

दहावीच्या पोरांना फोनवरून भूमिती शिकवायला, म्हणजे खरं तर त्यांनी सोडवलेलं तपासून द्यायला, ज्यांनी नुकतीच सुरुवात केली आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. वहीच्या पानाचा फोटो येतो. खाली एकच ओळ असते, ‘सर हे बरोबर हाय का बगा’. कुठं अडलं, कशाची शंका आली, काही नाही.

अशा वेळी हाताशी येणारं पहिलं उत्तर म्हणजे ‘कोणत्या पायरीत शंका आहे?’ ते पाठवू नका, निदान एकटं पाठवू नका. परभणी-बीडकडच्या खेड्यात फोन बहुतेक वेळा पोराचा नसतो. बापाचा असतो आणि दिवसभर त्याच्यासोबत रानात असतो. ऊसतोडीच्या हंगामात आई-बाप कारखान्यावर गेले असतील तर तो चुलत्याचा असतो, नाहीतर शेजारच्या घरातल्या दादाचा. तुमचा प्रश्न पोहोचून त्याचं उत्तर यायला दुसरी रात्र उजाडते. शिवाय नेमकी कोणती पायरी खटकते हे ज्याला सांगता येतं, त्याचा अर्धा गुंता आधीच सुटलेला असतो. ज्याला सांगता येत नाही त्याला बहुतेकदा ‘काहीतरी चुकतंय’ एवढंच जाणवत असतं. म्हणून पहिल्याच उत्तरात पूर्ण तपासणी गेली पाहिजे. शंकेबद्दलचा प्रश्न तिच्या शेवटी विचारायचा.

ही तपासणी कशी करायची ते एका पोरीच्या पानावरून दाखवतो. प्रमेय ‘गणित भाग २’मधल्या समरूपतेच्या प्रकरणातलं आहे, कोनदुभाजकाचं. त्रिकोणाच्या एका कोनाचा दुभाजक समोरच्या बाजूला ज्या प्रमाणात विभागतो, ते प्रमाण उरलेल्या दोन बाजूंच्या गुणोत्तराइतकं असतं. हेच घेतलं, कारण यात होणारी एक चूक अशी आहे की पान चांगलं दिसतं, शेवट बरोबर येतो आणि तपासणारा खूण करून पुढं जातो.

आधी फोटो धड आहे का ते बघा

गणिताला हात घालण्यापूर्वी तीन गोष्टी बघायच्या. पान पूर्ण आलंय का? वरची पक्ष-साध्याची ओळ किंवा खालची शेवटची ओळ बऱ्याचदा फोटोच्या बाहेर राहते. पुढच्या पानावर काही आहे का? सिद्धता ‘म्हणून’ या शब्दावर संपत असेल, तर पुढचं पान नक्की आहे. तिसरं, अक्षरं वाचता येतात का?

भूमितीत या तिसऱ्या गोष्टीला फार वजन आहे. ∠CBD आणि ∠CDB यांत फरक आहे तो फक्त B आणि D च्या जागांचा, आणि घाईत लिहिलेला B आणि D फोटोत अगदी सारखे दिसतात. C आणि G, E आणि F यांचंही तसंच. एखादं अक्षर कळत नसेल तर ‘हिला हेच म्हणायचं असेल’ असं धरून ते मनानं दुरुस्त करू नका. आपल्याला सिद्धता येत असते, त्यामुळे डोळा आपोआप बरोबर अक्षर वाचतो आणि नेमकी तिथंच चूक निसटते. त्याच पोरानं पानावर दुसरीकडे B कसा काढलाय ते बघून ताडून घ्या. तरीही कळलं नाही तर दोन्ही शक्यता धरून तपासा आणि उत्तरात तसं लिहा, ‘इथं D असेल तर बरोबर, B असेल तर चूक’. म्हणजे त्या एका अक्षरासाठी दिवस वाया जात नाही. पुढच्या वेळेसाठी सांगून ठेवा की व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे तो बारीक होऊन येत नाही.

आकृतीवर मात्र फोटोवरून विश्वास ठेवायचा नाही. फोन तिरका धरून काढलेल्या फोटोत समांतर रेषा एका बाजूला जवळ येतात, काटकोन काटकोन राहत नाही, सारख्या बाजू लहान-मोठ्या दिसतात. उलटंही होतं. समांतर नसलेल्या रेषा तशा दिसू शकतात. म्हणून फोटोतली आकृती बाजूला ठेवा आणि फक्त पक्ष व रचना वाचून कोऱ्या कागदावर स्वतः आकृती काढा. पोरीनं लिहिलंय तेवढंच काढायचं. काढताना कुठं हात अडखळला तर ती जागा लक्षात ठेवा. पुढं तिचा उपयोग होणार आहे.

ओळी उतरवून घ्या आणि त्यांना नंबर द्या

सिद्धता आपल्या कागदावर उतरवून काढायची. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण नुसतं डोळ्यानं वाचलं की माणूस ओळीवरून ओळीवर घसरत जातो. लिहिताना प्रत्येक ओळीशी थांबावं लागतं. उदाहरणाचं पान असं आहे:

पक्ष: △ABC मध्ये किरण CE हा ∠ACB चा दुभाजक आहे. A-E-B.

साध्य: AE/EB = CA/CB

रचना: बाजू AC ही C च्या पुढे वाढवली. तिच्यावर D बिंदू असा घेतला की CD = CB. किरण CE ला समांतर रेख BD काढला.

सिद्धता:

१. ∠ACE ≅ ∠ECB … (CE दुभाजक)
२. ∠ACE ≅ ∠CDB … (संगत कोन)
३. ∠ECB ≅ ∠CBD … (व्युत्क्रम कोन)
४. ∠CBD ≅ ∠CDB … (१, २, ३ वरून)
५. △ABD मध्ये CE ∥ BD … (रचना)
६. AE/EB = AC/CD … (प्रमाणाचे मूलभूत प्रमेय)
७. CD = CB … (रचना)
८. AE/EB = AC/CB … (६ व ७ वरून)

हे नंबर तुम्ही दिलेले आहेत. तेच नंबर फोटोवरही टाका. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये फोटोवर लिहायची पेन्सिल असते, तिनं समासात १ ते ८ लिहून तो फोटो उत्तरासोबत परत पाठवायचा. नाहीतर ‘वरून चौथी ओळ’ म्हटल्यावर ती पक्षापासून मोजते आणि आपण सिद्धतेपासून.

उतरवताना पानावरच्या खुणाही टिपून ठेवा. या पानात तिसऱ्या ओळीत आधी ‘संगत’ लिहिलं होतं, ते खोडून ‘व्युत्क्रम’ केलंय, त्यावर पुन्हा पेन फिरवलाय. म्हणजे ती इथं घुटमळली. शंका न सांगणाऱ्या पोराची शंका अशी पानावर दिसते. खाडाखोड दिसते, एका ओळीची शाई वेगळी असते, समासात पेन्सिलचा ठिपका असतो, नाहीतर कारणाचा कंस रिकामा सुटलेला असतो. त्या जागेबद्दल उत्तरात एक वाक्य गेलंच पाहिजे.

पण तपासणी तिथं संपवायची नाही. जिथं पोरं अडखळतात तिथं ती विचार करतात, आणि विचार केलेली जागा बहुतेकदा बरोबर निघते. तिसरी ओळच बघा. CE ∥ BD धरलं तर BC ही छेदिका. ∠ECB आणि ∠CBD तिच्या दोन बाजूंना, दोन्ही समांतर रेषांच्या आतल्या अंगाला आहेत. म्हणजे व्युत्क्रम कोनच. तिनं खोडून केलेली दुरुस्ती बरोबर आहे. या पानावरची खरी चूक स्वच्छ, एका दमात लिहिलेल्या ओळीत आहे.

वरून खाली: ही ओळ कशाच्या बळावर उभी आहे?

आता पहिल्या ओळीपासून प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा. हे विधान पक्षातून, रचनेतून किंवा वरच्या कोणत्या ओळीतून निघालं आणि कोणत्या प्रमेयानं? ते विधान खरं आहे का, हा प्रश्न इथं विचारायचा नाही. खरं असलेलं विधानसुद्धा वरच्या ओळींतून निघत नसेल, तर सिद्धतेत ती फट आहे.

रचनेची ओळही यातून सुटत नाही. नवीन तपासनीस नेमकी हीच ओळ सोडतात, कारण रचना म्हणजे ‘आपण काढलं’, तिथं काय सिद्ध करायचं असं वाटतं. रचनेला मात्र स्वतःची एक तपासणी आहे, अटी मोजायच्या. प्रतलातला एखादा बिंदू साधारणपणे दोन अटींत पक्का होतो. इथं D साठी काय काय लिहिलंय? तो AC च्या वाढवलेल्या भागावर आहे, ही एक अट. CD = CB, ही दुसरी. एवढ्यात D ची जागा ठरली. C मध्ये कंपासचं टोक ठेवून CB एवढ्या त्रिज्येनं कंस मारला की D मिळतो. आता B आणि D जोडले की रेख BD ठरला, त्याची दिशाही ठरली. तरी पान म्हणतं की तो CE ला समांतर ‘काढला’. ही तिसरी अट झाली. ठरून गेलेल्या रेषेला आपण समांतर करू शकत नाही. ती तशी असेल तर दाखवावं लागेल.

स्वतः आकृती काढताना हात इथंच अडखळतो. कंसानं D घेतला, आता समांतर रेषा काढायची म्हणून गुण्या सरकवला, तर ती रेषा D मधूनच जाईल याची काय खात्री? वहीतल्या आकृतीत ती जाते, कारण पोरीनं जाईल अशी काढलीय.

उरलेल्या ओळी वरून खाली वाचल्या तर ठीक दिसतात. पहिलीला पक्षाचा आधार आहे. दुसरी आणि तिसरी समांतर रेषांवर उभ्या आहेत. चौथी या तिघींवरून येते. पाचवी आणि सातवी रचनेवर टेकतात. सहावी प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयानं, आणि ते प्रमेय या प्रमेयाच्या आधी शिकवलेलं आहे, म्हणून वापरायला हरकत नाही. (कारणाच्या कंसात ‘कोनदुभाजकाचे प्रमेय’ असं दिसलं असतं तर तिथंच थांबावं लागलं असतं. जे सिद्ध करायचं तेच वापरलं, असं झालं असतं.)

शेवटाकडून मागे

मग उलट दिशेनं जायचं. साध्यापासून सुरुवात करून विचारायचं की ही ओळ कोणत्या ओळींवर टेकलीय, आणि त्या ओळींकडे बाण काढत मागं जायचं. या पानाचे बाण असे होतात. ८ वरून ६ आणि ७ कडे. ६ वरून ५ कडे. ५ वरून रचनेकडे. ७ वरून रचनेकडे. झालं, बाण संपले.

१, २, ३ आणि ४ कडे एकही बाण गेला नाही. कोनांच्या या चार ओळी पानावर आहेत, प्रत्येकीला कारण आहे, पण साध्य त्यांच्याशिवायच सिद्ध होतंय. याचा अर्थ काय होतो ते बघा. ‘CE दुभाजक आहे’ हा पक्ष फक्त पहिल्या ओळीत वापरलाय. पहिली ओळ साध्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणजे या सिद्धतेत दुभाजक कुठंच लागलेला नाही.

वरवर वाचणाऱ्याला हे दिसत नाही, कारण पहिल्याच ओळीच्या कंसात ‘CE दुभाजक’ लिहिलेलं असतं. पक्ष पानावर आला म्हणजे तो वापरला, असं वाटतं. तो वापरला की नाही हे फक्त बाण सांगतात. म्हणून घाई कितीही असली तरी ही उलटी फेरी मी सोडत नाही, तुम्हीही सोडू नका. आठ-दहा ओळींच्या सिद्धतेला तिला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

अट काढून घ्या आणि काय होतं ते बघा

पक्षातली एखादी अट लागलीच नाही अशी शंका आली, की ती अट काढून टाकायची आणि आकड्यांचं उदाहरण घ्यायचं. CA = ६ सेमी, CB = ४ सेमी, AB = ५ सेमी असा त्रिकोण काढा. CE दुभाजक असेल तर प्रमाण ६ : ४, म्हणजे ३ : २. AB पाच सेमी असल्यानं AE = ३ आणि EB = २ येतं. CD = ४ घेतला की AD = १० होतो. कोनमापकानं मोजलं तर ∠ACE आणि ∠CDB दोन्ही साधारण २८° भरतात. संगत कोन सारखे आहेत, म्हणजे BD खरोखरच CE ला समांतर आहे.

इथं नवखा माणूस फसतो. मोजलं, सगळं जुळलं, मग सिद्धता बरोबर असणार! पण मोजून कळतं ते एवढंच की विधान खोटं नाही. त्याला आधार आहे की नाही, हे मोजण्यातून कळत नाही. या पानावरचं प्रत्येक विधान खरंच आहे, त्यामुळे दुभाजक ठेवून कितीही त्रिकोण मोजले तरी चूक सापडणार नाही.

म्हणून दुभाजक काढून टाका. E हा AB चा मध्यबिंदू घ्या, म्हणजे AE = EB = २.५. बाकी काहीच बदलू नका, D तोच, CD = ४. आता पानावरच्या ५ ते ८ या ओळी पुन्हा वाचा. त्यांत दुभाजकाचं नावही नाही, त्यामुळे त्या जशाच्या तशा लागू व्हायला हव्यात आणि AE/EB = ६/४ यायला हवं. पण आपण तर AE/EB = १ घेतलंय. म्हणजे या ओळींपैकी एक तरी इथं कोसळतेय. कोनमापक लावा. ∠ACE आता सुमारे २२° आहे, ∠CDB मात्र २८° च आहे, कारण D आणि B हललेलेच नाहीत. BD आता CE ला समांतर नाही. कोसळली ती पाचवी ओळ, आणि तिचा आधार होता रचनेतलं ते वाक्य.

अटी मोजताना ज्या ओळीवर बोट आलं होतं, त्याच ओळीवर आपण पुन्हा आलो. दोन वेगळ्या वाटांनी एकाच जागी पोहोचलात, की मग चूक तिथंच आहे असं पोराला निर्धास्त सांगा.

दुरुस्ती तिच्याच पानातून काढा

चूक सापडली की पाठ्यपुस्तकातली सिद्धता फोटो काढून पाठवायचा मोह होतो. त्यातून तिला एवढंच कळतं की आपलं चुकलं. काय चुकलं ते तसंच राहतं. तिच्या पानाला सगळ्यात कमी हात लावून सिद्धता उभी राहते का, ते आधी बघा.

इथं राहते. रचनेतून ‘CD = CB’ एवढं काढून टाकायचं. B मधून CE ला समांतर रेषा काढली, ती वाढवलेल्या AC ला D मध्ये मिळाली. दोन अटी झाल्या, D ठरला. १ ते ४ ओळी तशाच राहतात. सातव्या ओळीचं कारण तेवढं बदलायचं. △CBD मध्ये ∠CBD ≅ ∠CDB हे चौथ्या ओळीनं दिलंय, आणि त्रिकोणाच्या एकरूप कोनांसमोरील बाजू एकरूप असतात, म्हणून CD = CB. आता आठव्या ओळीपासून बाण काढा. ८ वरून ७, ७ वरून ४, ४ वरून १, २, ३. दुभाजक साध्यापर्यंत पोहोचला. बाजूला पडलेल्या चारही ओळी कामाला लागल्या.

दुसरीही वाट आहे, आणि काही पोरांना तीच सोपी वाटते. CD = CB ठेवायचं आणि ‘समांतर’ रचनेतून काढायचं. मग समांतर सिद्ध करावं लागतं. △CBD समद्विभुज, म्हणून ∠CBD = ∠CDB. ∠ACB हा या त्रिकोणाचा बाह्यकोन, तो दोन्ही दूरस्थ आंतरकोनांच्या बेरजेइतका, म्हणजे २∠CDB. आणि CE दुभाजक म्हणून ∠ACB = २∠ACE. यावरून ∠ACE = ∠CDB, संगत कोन सारखे, म्हणून CE ∥ BD. हीसुद्धा पूर्ण सिद्धता होते. पण या पोरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या ओळी समांतर रेषा धरून लिहिलेल्या आहेत. या वाटेनं गेलं तर त्या मोडून नव्यानं लिहाव्या लागतील. म्हणून तिला पहिली दुरुस्ती सांगायची. दुसरी तिनं विचारली तर.

एखादं चौकस पोर पुढं असंही विचारतं की B मधून काढलेली समांतर रेषा AC ला C च्या पलीकडेच मिळेल हे कशावरून? बोर्डाच्या उत्तरात ते लिहायला लागत नाही, पण प्रश्न चांगला आहे आणि त्याला उत्तर आहे. CE ही रेषा AC ला C मध्ये छेदते, मग तिला समांतर असलेली रेषाही AC ला कुठंतरी छेदणारच. E हा A आणि B यांच्या मध्ये आहे, म्हणून A आणि B हे CE च्या विरुद्ध बाजूंना आहेत. B मधून जाणारी समांतर रेषा पूर्णपणे B च्याच बाजूला राहते, त्यामुळे D सुद्धा A च्या विरुद्ध बाजूला, म्हणजे C च्या पलीकडे पडतो.

उत्तर कसं लिहायचं

उत्तरात आधी जे बरोबर आहे ते ओळीच्या नंबरानं सांगा. मग पहिली फट कुठं आहे ते तिचेच शब्द उचलून दाखवा. मग एकच काम द्या. असं काहीतरी:

‘आकृती, पक्ष, साध्य बरोबर. फोटोवर मी ओळींना नंबर टाकलेत, ते बघ. ३ मध्ये तू संगत खोडून व्युत्क्रम केलंस, ते बरोबर केलंस. BC छेदिका घेऊन बघ, दोन्ही कोन तिच्या दोन अंगांना आहेत. अडचण रचनेत आहे. CD = CB घेऊन तू D ठरवलास, मग BD समांतर “काढता” येत नाही, ती आधीच ठरलेली आहे. यातली एकच गोष्ट रचनेत ठेवता येईल, दुसरी सिद्ध करावी लागेल. रचनेत फक्त समांतर ठेव. आता तुझी ४ थी ओळ वाच आणि △CBD बद्दल त्यातून काय कळतं ते बघ. ७ व्या ओळीचं कारण तिथं मिळेल. तेवढी एक ओळ लिहून पाठव. आणि तुला शंका याच जागेची होती का दुसरी कोणती, तेही लिही.’

यात सातव्या ओळीचं कारण सांगितलेलं नाही, त्याच्या दारापर्यंत नेऊन सोडलंय. ते तिनं लिहायचं. पण परीक्षा दोन दिवसांवर असेल आणि फोन उद्याच्या रात्रीच परत हातात येणार असेल, तर कारणही सरळ लिहून टाका. कोणतं पोर कोणत्या अडचणीत आहे, हे तुम्हाला माहीत असतं.

‘=’ च्या जागी ‘≅’ हवं होतं, ‘रेख’ लिहायचं राहिलं, अक्षर सुधार, असलं काही असेल तर ते सगळ्यात शेवटी, वेगळं आणि थोडक्यात. रचनेतली फट आणि चिन्हातली चूक एकाच दमात सांगितली, की पोरं चिन्ह सुधारतात आणि फट तशीच ठेवून पान परत पाठवतात.

सगळं बरोबर निघालं तर

असंही होतं. आठही ओळी उभ्या राहतात, बाण पक्षापर्यंत पोहोचतात, खाडाखोड कुठं नाही. तेव्हा नुसतं ‘बरोबर आहे’ लिहून सोडू नका, कारण पोराला काहीतरी खटकलं होतं म्हणूनच त्यानं पाठवलं. ज्या ओळीकडे सगळ्यात जास्त बाण येतात, किंवा जिच्या कारणाला सगळ्यात मोठं प्रमेय लागतं, ती ओळ उचला आणि तिचं कारण दोन वाक्यांत उलगडून लिहा. दुरुस्त केलेल्या या सिद्धतेत ती ओळ सहावी. △ABD मध्ये रेषा CE बाजू BD ला समांतर आहे आणि उरलेल्या दोन बाजूंना, AB ला E मध्ये आणि AD ला C मध्ये छेदते, म्हणून AE/EB = AC/CD. पोरं इथं हमखास गोंधळतात, कारण त्यांच्या डोळ्यासमोर △ABC असतो आणि प्रमेय लावायचं असतं △ABD ला. तो त्रिकोण फोटोवर वेगळ्या रंगानं गिरवून पाठवा.

त्यावर ‘सर हेच कळना गेलं होतं’ असं उत्तर आलं, तर पुढच्या वेळी तिच्या पानावर आधी कुठं बघायचं ते तुम्हाला कळलं. ‘तसं नाही, दुसरंच विचारायचं होतं’ असं आलं, तर नंबर टाकलेला फोटो आता तिच्याकडे आहे. तिला फक्त एक आकडा लिहायचा आहे.